कॅटलॉग एक्झिक्युटिव्हचं कव्हर लेटर: या चुका टाळा

ऑनलाइन दुकानात वस्तूंची माहिती चढवणाऱ्या कॅटलॉगच्या जागेसाठी आलेली पत्रं वाचण्याचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात पडलं आहे. शंभरातली नव्वद पत्रं मला न वाचताच पाठ असतात. ‘मी मेहनती आहे, बारकाईने काम करतो, मला लिस्टिंगचा आणि अ‍ॅट्रिब्यूट डेटाचा अनुभव आहे.’ हे वाक्य म्हणजे उत्पादनाच्या वर्णनात नुसतं ‘उत्तम दर्जाचं’ लिहिण्यासारखं आहे. त्याने मापही कळत नाही आणि कापडही. सप्लायरकडून असं वर्णन आलं तर तुम्ही ते परत पाठवाल. मग स्वतःबद्दल तसंच कसं लिहिता?

सगळ्यात जास्त चीड येते ती आकड्यांच्या फुशारकीची. ‘सहा महिन्यांत ७००० लिस्टिंग्ज लाइव्ह केल्या.’ बरं, कसल्या? मोबाइल कव्हरची ४० डिझाइन्स आणि ६० मॉडेल्स घेतली की २४०० ओळी होतात. फॉर्म्युला लावून त्या खाली ओढायला एक दुपार पुरते. हाताने विणलेले ३० गालिचे मात्र मापं, धागा, विणीचा प्रकार तपासत नीट चढवायला आठवडा लागू शकतो. त्यामुळे नुसत्या संख्येवरून मला काहीच समजत नाही. कॅटेगरी कुठली होती, पहिल्याच अपलोडला किती ओळी पास झाल्या आणि एरर रिपोर्टमध्ये आलेल्या ओळींचं तुम्ही काय केलंत, हे लिहा. संख्या लिहायचीच असेल तर या तीन गोष्टींच्या मागे लिहा.

याच जातीचा दुसरा दावा म्हणजे ‘९८ टक्के अ‍ॅट्रिब्यूट्स भरलेले’. एका उमेदवाराच्या पत्रात हा आकडा ठळक अक्षरांत होता. मलाही तो आवडला होता, हे कबूल करतो. मुलाखतीत त्यांना २० उत्पादनांची शीट भरायला दिली. सोबत पॅकिंगचे फोटो होते. अर्ध्या तासात शीट भरून आली, एकही रकाना रिकामा नाही. रंगात ‘मल्टिकलर’, मटेरियलमध्ये ‘इतर’, वॉरंटीत `NA`. फोटोत निळा डबा स्वच्छ दिसत होता, झाकणावर ‘पॉलिप्रॉपिलिन’ छापलेलं होतं, तरी ‘इतर’. विचारलं तर उत्तर आलं, “सर, रकाना मॅन्डेटरी होता, काहीतरी टाकल्याशिवाय फाइल पुढे जात नाही.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी काम पूर्णच होतं. पण भरलेला रकाना आणि बरोबर भरलेला रकाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कॅटलॉगचं सगळं काम त्या फरकातच असतं. ग्राहक निळ्या रंगाचा फिल्टर लावतो तेव्हा ‘मल्टिकलर’ लिहिलेला निळा डबा त्याला दिसतच नाही. रिकामा रकाना निदान रिपोर्टमध्ये सापडतो. ‘इतर’ लिहिलेला रकाना सापडत नाही, तो भरलेल्यांच्या रांगेत बसून राहतो. म्हणून पत्रात टक्केवारी देणार असाल तर ती कशी मोजली तेही सांगा. ‘दर आठवड्याला ५० ओळी उचलून पॅकिंगवरच्या मजकुराशी ताडून पाहायचो, त्यात अमुक चुका निघायच्या’ असं एक वाक्य असलं तरी माझा विश्वास बसतो. चुका निघायच्या हे लिहायला घाबरू नका. ज्याच्या तपासणीत कधीच चूक निघत नाही, तो बहुतेक तपासतच नाही.

मग लिहायचं कसं? माझी सवय अशी: अख्ख्या अनुभवातून एकच दुरुस्ती निवडायची आणि ती चार-पाच वाक्यांत पुरी सांगायची. काय बिघडलं होतं, का बिघडलं, तुम्ही काय केलंत, सुधारलं हे कशावरून कळलं. पत्रं बहुधा इंग्रजीत जातात, पण मुद्दा दिसावा म्हणून एक परिच्छेद मराठीत लिहून दाखवतो. काम पाण्याच्या बाटल्यांचं आहे. सामान्य उमेदवार लिहितो: ‘बाटल्यांच्या कॅटेगरीत अ‍ॅट्रिब्यूट्स सुधारून लिस्टिंगची क्वालिटी वाढवली.’ त्याच कामावर मी असं लिहीन:

‘आमच्याकडे १ लिटरच्या म्हणून आलेल्या १८४ बाटल्या होत्या, पण १ लिटरचा फिल्टर लावल्यावर ७१च दिसत होत्या. काही ठिकाणी क्षमता फक्त शीर्षकात होती. काही ठिकाणी आकडा १ आणि एकक मिलिलिटर असं पडलं होतं. मी आकडा आणि एकक वेगळ्या रकान्यांत घेतलं, सगळं मिलिलिटरमध्ये आणलं आणि प्रत्येक ओळ लेबलच्या फोटोशी ताडली. ९ बाटल्यांचं लेबल आणि सप्लायरची शीट जुळेना. त्या अंदाजाने न भरता सप्लायरकडे परत पाठवल्या. बाकीच्या १७५ फिल्टरमध्ये दिसू लागल्या.’

या परिच्छेदात ‘बारकाईने’ हा शब्द नाही, त्याची गरजच पडत नाही. माझ्या दृष्टीने यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य त्या ९ बाटल्यांचं आहे. माहिती नसताना रकाना भरण्याचा मोह टाळणारा माणूस या कामात दुर्मिळ असतो. १८४च्या १८४ दुरुस्त केल्या असं लिहिलं असतं, तर सगळ्यांचीच लेबलं शीटशी कशी जुळली हा प्रश्न मी मुलाखतीत विचारलाच असता.

‘विक्री ४० टक्क्यांनी वाढवली’ हे मात्र शक्यतो लिहू नका. विक्री किमतीने वाढते, जाहिरातीने वाढते, हंगामाने वाढते. तुमच्या अ‍ॅट्रिब्यूट्सचा वाटा त्यातून वेगळा काढणं सहसा शक्य नसतं आणि वाचणाऱ्याला ते माहीत असतं. फिल्टरमध्ये दिसणाऱ्या वस्तू, नाकारल्या गेलेल्या ओळी, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाने परत आलेला माल हे तुमच्या कामाला जवळचे आकडे आहेत.

आता माझी दुसरी लाडकी चूक: ‘अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल’. हे शब्द लिहिणाऱ्या एका अर्जदाराने पत्राला नमुन्याची शीट जोडली होती. कल्पना छान होती. मी फाइल उघडली आणि बारकोडच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच गोष्ट दिसली: `5.90123E+12`.

हे कसं होतं ते या कामात नव्या असलेल्यांसाठी सांगतो. सीएसव्ही फाइल सरळ डबल-क्लिक करून उघडली की एक्सेल १३ अंकी बारकोडला मोठी संख्या समजतं आणि आखडून दाखवतं. तेवढ्यावर काही बिघडत नाही, मूळ आकडा आत शाबूत असतो. पण तीच फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतंय तेच लिहिलं जातं. `5901234123457` हा बारकोड पुढच्या वेळी उघडताना `5901230000000` होऊन येतो. एकाच उत्पादकाच्या बारकोडचे सुरुवातीचे अंक सारखे असतात, त्यामुळे शंभर वेगळ्या वस्तूंचा एकच बारकोड होऊन बसतो. १२ अंकी बारकोड शून्याने सुरू होत असेल, तर ते शून्य फाइल उघडतानाच गळतं.

पकडायला सोपं आहे. १३ अंकी बारकोडचा शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून ठरतो: डावीकडून एकाआड एक अंकांना १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते पाहायचं. मूळ बारकोडची बेरीज ८३ येते, ९० ला ७ कमी, आणि शेवटचा अंक ७ आहे. बिघडलेल्याची बेरीज ४६ येते, म्हणजे शेवटी ४ हवा, तिथे ० आहे. अर्थात शेवटी चार-पाच शून्यं दिसली की हिशोब न करताही शंका यायला हवी.

त्या अर्जदाराला मी बोलावलं नाही. माणूस हुशार असेलही, पण पाठवण्याआधी स्वतःची फाइल एकदा उघडून पाहिली नाही, आणि रोजचं काम हेच आहे. पत्रात ‘अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल’ऐवजी एवढंच लिहा: ‘सप्लायरची फाइल डबल-क्लिकने उघडत नाही, इम्पोर्ट करताना बारकोडचा रकाना टेक्स्ट ठेवतो आणि अपलोडआधी डुप्लिकेट तपासतो.’ हे एक वाक्य सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटपेक्षा जड आहे. कोर्सवाल्यांना राग येईल, येऊ दे.

नमुना जोडायचाच असेल तर जुन्या कंपनीची शीट अजिबात जोडू नका. त्यात सप्लायरची नावं असतात, कधी खरेदी किमतीही असतात. आज त्यांची शीट मला दाखवणारा उद्या माझी दुसऱ्याला दाखवेल. फ्रेशर असाल आणि दाखवायला काहीच नसेल, तर घरातल्या २० वस्तू घ्या, फक्त लेबलवर छापलेलं वाचून त्यांची शीट करा आणि जे छापलेलं नाही तो रकाना रिकामा ठेवून शेजारी कारण लिहा. यात एक संध्याकाळ जाते. तरी लोक इंटरनेटवरून तयार पत्र उचलतात, कारण त्याला पाच मिनिटं लागतात.

बाकी किरकोळ. नोकरीच्या जाहिरातीतली वाक्यं कंपनीलाच परत लिहून पाठवू नका. अर्ज करताय त्या कंपनीची पाच-सहा लिस्टिंग्ज आधी पाहा. काही खटकलं तर एकच गोष्ट सौम्य शब्दांत लिहा, चुकांची यादी पाठवली की वाचणारा स्वतःच्या बचावाला लागतो. कपड्यांचा अनुभव असेल आणि जागा इलेक्ट्रॉनिक्सची असेल, तर ते लपवू नका. साइज-रंगाचे व्हेरिएशन्स एका पेरेंटखाली नीट बांधता येत असतील, तर स्टोरेज आणि रंगाचेही बांधता येतील, तेवढं सांगा. पत्र एका पानाच्या आत ठेवा.

आणि फाइलचं नाव. `coverletter_final_new(2).docx` या नावाने आलेली पत्रं मी उघडतो, पण उघडण्याआधीच मनात एक खूण होते. या जागेवरच्या माणसाला रोज शेकडो फोटोंच्या फाइल्सना एसकेयूप्रमाणे नावं द्यायची असतात.