दारामागच्या नकाशाचं भाषांतर पाठवण्याआधी

जपानच्या हॉटेलात उतरलेली मावशी खोलीच्या दारामागच्या, आग लागल्यास बाहेर पडायचा रस्ता दाखवणाऱ्या नकाशाचा फोटो पाठवते आणि विचारते, 'काय लिहिलंय?' सूचना वरून खाली भाषांतरित करत बसू नका. आधी ती कुठे वळणार, ते ठरवा. मागच्या वेळी मी एकूण एक ओळ उतरवली आणि नेमकं हेच राहिलं. अलार्म वाजल्यावर पाहुणे कॉरिडॉरच्या बंद टोकाला पोचले.

फोटो पूर्ण हवा, कोपऱ्यातल्या खुणांच्या तक्त्यासकट. तो कापलेला असेल तर पुन्हा मागवा, नाहीतर अग्निशामक नळी कुठली आणि सुटकेची शिडी कुठली, हे कळणार नाही. नकाशावर 'तुम्ही इथे आहात' ही खूण शोधा, बहुधा लाल असते. आता खोलीचं दार कागदावर कुठल्या बाजूला उघडतं ते पाहा. कॉरिडॉर खोलीच्या वर काढला असेल तर कागदावरचं डावं तेच तिचं डावं. कॉरिडॉर खाली असेल तर दारातून निघणाऱ्या माणसाचं उजवं म्हणजे कागदावरचं डावं. इथेच घोळ होतो. शंका नको म्हणून दारात उभं राहून कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढायला सांगा. बाहेर पडायचा रस्ता दाखवणारी पळत्या माणसाची हिरवी पाटी कुठे दिसते ते नकाशाशी जुळवा.

मग पहिलीच ओळ अशी लिहा: 'मावशी, दाराबाहेर पडलीस की डावीकडे वळ, तुझ्याच बाजूची चार दारं सोड, पाचवं दार जिन्याचं.' धुरात पाट्या दिसत नाहीत, भिंतीला हात लावून दारं मोजता येतात. दुसरा जिना असेल तर त्याचीही ओळ द्या, बाजूसकट. पुन्हा सांगतो, बाजूसकट.

लिफ्ट वापरायची नाही, हे एका ओळीत. आग आणि रुग्णवाहिकेसाठी ११९, पण आधी रिसेप्शनचा अंतर्गत नंबर, तो सूचनेत असतो. मजल्याचा आकडा बदलू नका: तिथे तळमजल्यालाच पहिला म्हणतात, त्यामुळे लिफ्टमध्ये दिसतो तोच आकडा लिहा. खिडकीवर लाल उलटा त्रिकोण असेल तर तो बाहेर पडायचा रस्ता नव्हे, ती अग्निशमन दलाची आत येण्याची जागा आहे. हे न सांगितल्यास लोक तिला सुटकेची खिडकी समजतात.

भूकंपाची सूचना वेगळी लिहा, आगीत मिसळू नका: आधी डोकं झाका, हलणं थांबल्यावर दार उघडं ठेवा. टॉर्च बहुधा पलंगाजवळ अडकवलेला असतो. धूम्रपानाचे नियम सोडा.

पाठवलंत की तिला एकदा जिन्यापर्यंत चालून यायला सांगा. खोलीची किल्ली बरोबर, आणि जिन्यात शिरली तर दार धरून ठेवायचं, मागून लॉक होऊ शकतं.