काचेवर फॉइल लावलं तर कॅपॅसिटन्स कमी का भरतो? दोन थरांचा कॅपॅसिटर आणि केबलचा हिशोब, एकाच पद्धतीने

बारावीतला माझा भाचा उन्हाळ्यात चोपड्याहून जळगावला आला होता, त्याला कॅपॅसिटर नुसता वहीत नको होता, करून बघायचा होता. फोटोफ्रेमवाल्याकडून ३ मिमी जाडीची काच आणली, दोन्ही बाजूंना २० बाय १५ सेंमीचा अॅल्युमिनियम फॉइल समोरासमोर चिकटवला, आणि हिशोबाने ५३१ पिकोफॅरड यायला पाहिजे होते तर मीटर ४४० च्या आसपास दाखवत होतं. भाचा म्हणे, मामा, सूत्र चुकलं. सूत्र बरोबर होतं भो, पण आमच्या कॅपॅसिटरमध्ये एक थर जास्तीचा होता जो आम्ही धरलाच नव्हता.

आधी पद्धत बघू. एका प्लेटपासून दुसरीपर्यंत मनातल्या मनात सरळ रेघ ओढायची. ती रेघ दोन्ही पदार्थांतून जात असेल तर थर सिरीजमध्ये आहेत. अर्ध्या प्लेटखाली एक पदार्थ आणि उरलेल्या अर्ध्याखाली दुसरा असेल तर मात्र ते पॅरलल, तिथे दोन्हींचे कॅपॅसिटन्स वेगळे काढून सरळ बेरीज करायची. परीक्षेत बरीच पोरं इथेच घसरतात, आकृती नीट न बघता सूत्र लावतात.

सिरीज असेल तर प्रत्येक थराची जाडी त्याच्या k ने भागायची, k म्हणजे डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट. असं का, तर प्लेटवरचा चार्ज तोच राहतो पण काचेच्या आत विद्युत क्षेत्र हवेपेक्षा k पट कमी होतं, त्यामुळे तेवढ्या जाडीवर व्होल्टेजही k पट कमी पडतं. म्हणजे ३ मिमी काच, k साधारण ६, ही फक्त अर्धा मिमी हवेसारखी वागते. सगळ्या थरांची अशी "हवेची जाडी" काढायची, बेरीज करायची आणि भागायचं:

```
C = ε0 A / (d1/k1 + d2/k2)
```

आपल्या प्लेटचं क्षेत्रफळ ०.०३ चौरस मीटर. जाडी मिमीत ठेवली तर वरचा आकडा, म्हणजे ε0 A, २६५.५ येतो आणि उत्तर थेट पिकोफॅरडमध्ये मिळतं. नुसती काच: २६५.५ भागिले ०.५, म्हणजे ५३१.

आता फॉइलच्या सुरकुत्या बघा. फॉइल काचेला सगळीकडे घट्ट बसत नाही, दोन्ही बाजू मिळून सरासरी ०.१ मिमी हवा अडकली असं धरा. हवेचा k १, म्हणून ती पूर्ण ०.१ च मोजायची. खाली ०.६ झाले, उत्तर ४४२. कागदाएवढ्या हवेने जवळपास ९० पिकोफॅरड खाल्ले! मग आम्ही फॉइल काढून काचेला शेंगदाण्याच्या तेलाचा पातळ हात फिरवला आणि कपड्याने दाबून फॉइल परत बसवला. तेलाचा k ३ च्या आसपास, म्हणजे तोच ०.१ मिमीचा थर आता ०.०३३ एवढाच मोजला जातो आणि हिशोबाने ४९८ येतात, मीटरही त्याच्या जवळ गेलं, तेव्हा भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मोजताना एक करा, काही न जोडता नुसत्या वायरींचं रीडिंग आधी घ्या आणि ते वजा करा, नाहीतर वायरींचेच काही पिकोफॅरड त्यात मिसळतात.

आता लांब सिलिंडर, म्हणजे घरातली डिशची केबल. मधली तार एक प्लेट, बाहेरची जाळी दुसरी. इथे अडचण अशी की तारेपासून बाहेर जाताना क्षेत्रफळ वाढत जातं म्हणून एकच A घेता येत नाही. तर मधल्या फोमचे कांद्यासारखे खूप पातळ पापुद्रे कल्पायचे, प्रत्येक पापुद्रा म्हणजे जाडी dr आणि क्षेत्रफळ 2πrL चा छोटा कॅपॅसिटर, आणि सगळे सिरीजमध्ये. वर दोन थरांची जी बेरीज केली तीच इथे असंख्य थरांची, आणि dr/r ची बेरीज म्हणजेच ln:

```
C = 2π ε0 k L / ln(b/a)
```

इथे a म्हणजे तारेची त्रिज्या, b फोमची बाहेरची त्रिज्या आणि L लांबी. आमच्या केबलची तार १ मिमी व्यासाची, फोमचा बाहेरचा व्यास ४.६ मिमी, फोमचा k सुमारे १.५. गुणोत्तरच घ्यायचं असल्याने त्रिज्येऐवजी व्यास घेतला तरी चालतं. ln 4.6 म्हणजे १.५३. एका मीटरला ५५.६ गुणिले १.५ भागिले १.५३, साधारण ५४.५ पिकोफॅरड, आणि १० मीटरच्या तुकड्याला ५४५. एका मीटर लांबीचं उत्तर १२६ वगैरे आलं तर समजा कॅल्क्युलेटरवर ln ऐवजी log दाबलंय, तो फरक नेहमी २.३ पट असतो.

तुकडा १० मीटरचा का घेतला, तर हे सूत्र टोकांना पसरणारं क्षेत्र धरतच नाही, लांबी जाडीच्या मानाने खूप मोठी असेल तरच ते खरं. आणि केबल मोजण्याआधी लांबचं टोक नीट बघा, जाळीची एखादी बारीक तार मधल्या तारेला टेकली असेल तर शॉर्ट होतं आणि मीटर भलतंच काहीतरी दाखवतं.