सी-व्ही वक्रावरून ऑक्साइडची जाडी काढताना: २० की २३.६ नॅनोमीटर?

मॉस कपॅसिटरवर मी पहिल्यांदा सी-व्ही मोजणी केली तेव्हा वक्र पुस्तकातल्यासारखाच सुरेख आला, पण त्यातून निघालेली जाडी चुकीची होती. नव्याने प्रयोगशाळेत येणाऱ्यांनी हा अनुभव वाचावा असं मला वाटतं, कारण वक्राकडे नुसतं बघून ही चूक कळत नाही.

आमचा नमुना साधा होता. पी-टाइप सिलिकॉन, डोपिंग दर घन सेंटीमीटरला साधारण १०¹⁵, त्यावर भट्टीत वाढवलेलं ऑक्साइड आणि वर ॲल्युमिनियमचे ५०० मायक्रोमीटर व्यासाचे गोल डॉट. एलिप्सोमीटरने ऑक्साइडची जाडी २० नॅनोमीटर दाखवली होती. डॉटवर प्रोब टेकवायचा, डीसी व्होल्टेज हळूहळू बदलायचं आणि त्यावर १ मेगाहर्ट्झचा छोटा एसी सिग्नल देऊन कपॅसिटन्स वाचायचा, एवढंच काम.

गेटवर पुरेसं ऋण व्होल्टेज असलं की पी-टाइपमधले होल ऑक्साइडला चिकटून गोळा होतात. हे ॲक्युम्युलेशन. इथे दोन्ही पट्ट्यांमध्ये फक्त ऑक्साइड उरतं, म्हणून कपॅसिटन्स सर्वांत जास्त आणि वक्र जवळजवळ सपाट. व्होल्टेज धन बाजूला नेऊ लागलो की होल मागे सरतात, पृष्ठभागाखाली रिकामा थर तयार होतो. या थराचा कपॅसिटन्स ऑक्साइडच्या कपॅसिटन्सला सिरीजमध्ये जोडला जातो, त्यामुळे एकूण आकडा घसरतो. हे डिप्लिशन. आणखी पुढे पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनचा थर येतो, म्हणजे इन्व्हर्जन, आणि रिकामा थर पसरायचा थांबतो. आमच्या डोपिंगला तो सुमारे ०.९ मायक्रोमीटरवर थांबतो आणि कपॅसिटन्स २२ पीकोफॅरडच्या आसपास स्थिरावतो. इन्व्हर्जनमधले इलेक्ट्रॉन सावकाश तयार होतात. १ मेगाहर्ट्झच्या वेगाने त्यांना ये-जा जमत नाही, म्हणून वक्र वर येत नाही. अगदी कमी वारंवारतेवर तो पुन्हा ऑक्साइडच्या मूल्यापर्यंत चढतो. (प्रोब स्टेशनचा दिवा चालू राहिला तर प्रकाशाने इलेक्ट्रॉन वाढतात आणि हा तळ वर सरकतो. झाकण लावूनच मोजा.)

जाडीसाठी लागतो तो डावीकडचा, ॲक्युम्युलेशनचा सपाट भाग:

```
t_ox = ε_ox · A / C_ox
ε_ox = 3.9 × 8.854e-14 = 3.45e-13 F/cm
A = π (0.025 cm)² = 1.96e-3 cm²
```

२० नॅनोमीटरसाठी ३३९ पीकोफॅरड यायला हवे होते. मला मिळाले २८७. त्यावरून जाडी निघाली २३.६ नॅनोमीटर.

आधी मी क्षेत्रफळावर संशय घेतला. तो घ्यावाच, कारण व्यासातली चूक जाडीत दुप्पट होऊन येते. पण डॉट प्रत्यक्षात मोठा असता तर कपॅसिटन्स वाढला असता. इथे तो कमी होता. आणि एवढी तूट भरून काढायला डॉट ४६० मायक्रोमीटरचा असावा लागला असता; सूक्ष्मदर्शकाखाली तो बरोबर ५०० होता.

मग प्रयोगशाळेतल्या एका सीनियरने वारंवारता १०० किलोहर्ट्झ करून तोच डॉट पुन्हा मोजायला सांगितलं. आकडा आला ३३८. ऑक्साइडची जाडी वारंवारतेनुसार बदलत नाही. म्हणजे फरक मोजणीच्या मार्गात होता. मीटर पॅरलल मोडमध्ये असताना कपॅसिटरसोबत सिरीजमध्ये रोध असेल तर दिसणारा आकडा असा घटतो:

```
C_m = C / (1 + (ωRC)²)
```

रोध २०० ओहम धरला की १ मेगाहर्ट्झला नेमके २८७ पीकोफॅरड येतात, आणि १०० किलोहर्ट्झला फरक जवळपास नाहीसा होतो. ॲक्युम्युलेशनमध्ये मीटर सिरीज मोडवर टाकलं तेव्हा ३३९ पीकोफॅरड आणि २०० ओहम हे दोन्ही आकडे थेट दिसले. (ऑक्साइडमधून गळती नसेल तरच हा मोड विश्वासाचा.)

रोध होता वेफरच्या पाठीमागे. मागचं ऑक्साइड काढलं होतं, पण तिथे धातू न चढवता वेफर तसाच चकवर ठेवला होता. मागे ॲल्युमिनियम चढवून तापवल्यावर दोन्ही वारंवारतांचे वक्र ॲक्युम्युलेशनमध्ये एकमेकांवर बसले.

तेव्हापासून मी दोन वारंवारतांवर मोजल्याशिवाय जाडी लिहीत नाही. आणि काही नॅनोमीटरच्याच ऑक्साइडवर काम असेल तर हे सूत्र जसंच्या तसं वापरू नका: ॲक्युम्युलेशनमधल्या होलच्या थरालाही स्वतःची जाडी असते, ती ऑक्साइडमध्ये मिसळून येते आणि उत्तर खऱ्यापेक्षा थोडं जाड निघतं. २० नॅनोमीटरला हा फरक छोटा असतो, ३ नॅनोमीटरला नाही.