नायट्रोजनचा कंटेनर भरण्याआधी : कृत्रिम रेतन केंद्रासाठी तयारीची यादी

ही यादी ज्या केंद्रावर गोठवलेल्या रेताच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवण्यासाठी ३५ लिटरचा साठवणीचा कंटेनर आणि गावोगावी नेण्याचा ३ लिटरचा छोटा कंटेनर आहे, अशा केंद्रासाठी लिहिली आहे. दूध संस्थेचे रेतन केंद्र असो वा खासगी सेवा देणाऱ्याची एक खोली असो, तयारी सारखीच. पुरवठ्याची गाडी येण्याच्या आदल्या दिवशी ती वाचावी. गाडी दारात उभी असताना सगळे घाईत असतात आणि त्या घाईत जे राहून जाते, त्यानेच अपघात होतात.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की असावी. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे आपल्या कंटेनरमध्ये तो शांत पडून राहिलेला दिसला तरी प्रत्यक्षात तो दिवसरात्र मंद उकळतच असतो. कंटेनरच्या दोन भिंतींमधील निर्वात पोकळी बाहेरची उष्णता अडवते, म्हणून ही उकळी मंद राहते. थांबत मात्र ती कधीच नाही. एक लिटर द्रवाचा नेहमीच्या तापमानाला सुमारे ७०० लिटर वायू होतो. पुढील बहुतेक सूचना या आकड्यातूनच निघाल्या आहेत, कारण या वायूला कंटेनरमधून बाहेर पडायला वाट हवी आणि बाहेर पडल्यावर खोलीतूनही निघून जायला वाट हवी.

म्हणून पहिली तयारी खोलीची. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच खोलीत साधारण साडेबावीस हजार लिटर हवा मावते. अशा बंद खोलीत भरताना कंटेनर कलंडला आणि दहा लिटर नायट्रोजन फरशीवर सांडला, तर पाहता पाहता सात हजार लिटर वायू तयार होऊन तेवढी हवा बाहेर ढकलली जाते आणि प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास येते. हा हिशेब सगळी हवा सारखी मिसळली असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात थंड वायू जड असल्यामुळे खाली साचतो, त्यामुळे सांडलेले पुसायला वाकलेल्या माणसाच्या नाकाशी प्राणवायू याहूनही कमी असतो. १९.५ टक्क्यांखालची हवा कामासाठी अयोग्य मानतात. पंधराच्या आसपास श्वास जलद होतो आणि निर्णयशक्ती मंदावते. दहाच्या आसपास माणूस शुद्ध हरपून पडतो.

यात फसवणारा भाग असा, की माणसाला गुदमरल्यासारखे वाटतच नाही. श्वास कोंडल्याची जाणीव शरीराला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, आणि इथे तो साठत नाही. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर तो नेहमीसारखा बाहेर पडत असतो. नायट्रोजनला वासही नाही आणि रंगही नाही. भरताना जे पांढरे धुके दिसते ते हवेतील बाष्पाचे असते; धुके विरले म्हणजे वायू गेला, असे मुळीच समजू नये. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील गेन्सव्हिल येथे कोंबडीचे मांस गोठवणाऱ्या एका कारखान्यात २८ जानेवारी २०२१ रोजी द्रव नायट्रोजनच्या गळतीने सहा कामगारांचा मृत्यू झाला, आणि त्यांतील काही जण आत काय झाले ते पाहायला किंवा आधी पडलेल्यांना वाचवायला गेलेले होते. तेव्हा दारे-खिडक्या आधीच सताड उघडाव्यात, शक्य असेल तर भरण्याचे काम ओट्यावर किंवा अंगणातच करावे, आणि एक माणूस दाराबाहेर उभा राहील असे ठरवून ठेवावे. आतला माणूस पडलाच, तर बाहेरच्याने खोली मोकळी होईपर्यंत आत धाव घेऊ नये. हे ऐकायला कठोर वाटते, पण त्याला आधी बजावून सांगितलेच पाहिजे. प्राणवायू मोजणारे खिशाएवढे यंत्र मिळते; १९.५ टक्क्यांना वाजेल असे लावून ते कमरेच्या उंचीवर ठेवावे. पंखा हा त्याला पर्याय नाही, कारण बंद खोलीतला पंखा तीच हवा फिरवत राहतो.

दुसरी तयारी कंटेनरची. तो बाहेरून कोरडा आहे का, हे सकाळी हात फिरवून पाहावे. अंगावर दव किंवा हिमाचा थर दिसला, तर निर्वात पोकळी गेली असे समजावे. शंका असल्यास वजन करावे, कारण एक लिटर द्रवाचे वजन सुमारे ८०० ग्रॅम असते. समजा, न उघडता ठेवलेल्या कंटेनरचे वजन दोन दिवसांत ४ किलो ८०० ग्रॅमने घटले, तर सहा लिटर उडाले, म्हणजे दिवसाला तीन लिटर. या गतीने ३५ लिटर बारा दिवसही पुरत नाहीत, आणि याच मापाचा धडधाकट कंटेनर न उघडता दोन-तीन महिने सहज टिकतो. असा कंटेनर भरण्यात अर्थ नाही; त्यातील रेतमात्रा त्याच दिवशी दुसरीकडे हलवाव्यात.

झाकणाचा बूच सैलच बसला पाहिजे. नायट्रोजन वाचावा म्हणून बुचाला चिंधी गुंडाळून तो घट्ट बसवणारे लोक पाहण्यात येतात. असे केल्यास वायूची वाट बंद होऊन आत दाब वाढतो आणि कंटेनर फुटू शकतो. स्क्रू झाकणाच्या थर्मासमध्ये नायट्रोजन कधीही भरू नये, हेही याच कारणासाठी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात ओलसर बुचाभोवती बर्फ धरून मान आपोआप बंद होते, म्हणून त्या दिवसांत बूच रोज काढून, कोरडा करून परत ठेवावा. मान हा कंटेनरचा सर्वांत नाजूक भाग होय. आतले भांडे केवळ तिच्यावर लटकलेले असते, त्यामुळे कंटेनर आडवा करणे, लोळवणे किंवा दणकन खाली ठेवणे वर्ज्य समजावे.

कपड्यांबाबत एक गैरसमज आहे. द्रवाचे एखाददुसरे थेंब उघड्या हातावर पडले तर बहुधा काही होत नाही, कारण तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब जसा स्वतःच्या वाफेवर तरंगत घरंगळतो, तसेच इथे होते. फक्त गरम जागा आपल्या त्वचेची. यावरूनच काही जण प्रात्यक्षिक दाखवून बढाई मारतात. द्रव जिथे अडकतो तिथे मात्र हे संरक्षण संपते : लोकरी किंवा सुती मोज्यात, अंगठीखाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली, चपलेत किंवा गमबुटात. म्हणून हातमोजे सैल, कोरडे आणि झटकताच निघणारे असावेत. पॅन्ट बुटात खोचू नये, बुटावरून बाहेर सोडावी. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. आणि चेहऱ्यावर पारदर्शक ढाल असावी, कारण डोळ्याला थंड वाफेचा झोतही इजा करतो. गार झालेल्या धातूच्या दांड्याला ओलसर बोट लागले तर ते चिकटते आणि ओढल्यास कातडी निघते.

प्रत्यक्ष भरताना रिकाम्या, गरम कंटेनरमध्ये आधी थोडाच नायट्रोजन सोडावा, खळखळ थांबेपर्यंत थांबावे आणि मग हळूहळू पुढे भरावा. एकदम ओतल्यास द्रव उसळून तोंडावर येतो आणि मानेच्या जोडाला तडा जाण्याची भीती असते. नरसाळे मानेत गच्च बसणारे नसावे, बाजूने वाफ निघायला जागा हवी. मानेच्या खालच्या कडेपर्यंतच भरावे.

पातळी मोजायला लाकडी किंवा भरीव पट्टी वापरावी. पोकळ नळी बुडवली तर तिच्यातून उकळता द्रव वर उडतो. पट्टी तळापर्यंत दहाएक सेकंद बुडवून बाहेर काढावी आणि हवेत हलवावी, म्हणजे जिथपर्यंत पांढरे हिम चढते तिथपर्यंत द्रव असतो. हा आकडा तारखेसह वहीत लिहावा. वहीत घट नेहमीपेक्षा जास्त दिसू लागली, की कंटेनर बिघडत चालल्याचे बाहेर दव दिसण्याआधीच कळते. पातळी एक-तृतीयांशाखाली जाऊ देऊ नये.

नवा नायट्रोजन आला म्हणून कांड्यांची फेरमोजणी करण्याचा मोह होतो, आणि सर्वाधिक नुकसान तिथेच होते. पाव मिलिलिटरच्या कांडीत उष्णता शोषून घेण्याची ताकद नगण्य असते, त्यामुळे मानेबाहेर काढलेली कांडी काही सेकंदांतच तापू लागते. तापमान उणे १३० अंशांच्या वर गेले की बारीक हिमकण पुन्हा एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात आणि शुक्राणूंची आवरणे फाटतात. कांडी परत बुडवली तरी ही हानी भरून निघत नाही, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. २१ दिवसांनी गाय गाभण न राहता उलटली की मगच कळते, तेही बहुतेक वेळा दोष गायीला लावून. म्हणून कोणत्या बैलाच्या कांड्या कोणत्या कॅनिस्टरमध्ये आहेत, याचा तक्ता झाकणाजवळ अडकवलेला असावा. कॅनिस्टर मानेतील हिमरेषेच्या वर आणू नये, चिमट्याने कांडी पाच-सहा सेकंदांत उचलावी, आणि तेवढ्यात सापडली नाही तर कॅनिस्टर खाली सोडून, पूर्ण गार होऊ देऊन, पुन्हा प्रयत्न करावा. वितळवण्यासाठी ३७ अंशांचे पाणी आणि ३० सेकंद हे प्रमाण पाळावे. पाण्याचा अंदाज बोटाने घेऊ नये, तापमापक वापरावा.

छोटा कंटेनर गाडीतून नेताना तो उभा बांधावा. बंद काचांच्या व्हॅनमध्ये तीन हजार लिटरच्या आसपास हवा असते आणि ३ लिटर नायट्रोजन सांडला तर २,१०० लिटर वायू होतो, म्हणजे प्राणवायू अकरा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली जाऊ शकतो. काचा उघड्या ठेवाव्यात. दुचाकीवर हा धोका नाही, तिथे हादऱ्यांपासून मान सांभाळणे महत्त्वाचे.

इजा झालीच तर त्या जागेवर ३७ ते ४० अंशांचे कोमट पाणी सोडत राहावे. चोळू नये, शेकू नये, चिकटलेले कापड ओढून काढू नये, फोड फोडू नयेत, आणि डॉक्टरांकडे जाताना कारण नायट्रोजनच असल्याचे सांगावे. कोणाला नुसती चक्कर आली तरी त्याला आधी उघड्यावर आणावे आणि त्या दिवशी पुन्हा भरण्याच्या कामाला लावू नये. जवळच्या रुग्णालयाचा आणि पुरवठादाराचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा. भरून उरलेला नायट्रोजन मोरीत किंवा गटारात ओतू नये, कारण गारव्याने पाइप आणि फरशी तडकते. तो मोकळ्या जमिनीवर, माणसे आणि जनावरे दूर ठेवून, थोडा थोडा सोडावा आणि कुणीतरी तिथे शेवटपर्यंत उभे राहावे.