मंजूर रजा असूनही बिनपगारी रजेची कपात : दुरुस्ती कशी झाली

जूनच्या पगारपत्रकात ‘बिनपगारी रजा – २ दिवस’ या नावाखाली २,४०० रुपये कापले गेले होते, वास्तविक १७ आणि १८ जूनची रजा मंजूर होती. फोन केले, ‘पगार कमी आला आहे’ असा संदेशही पाठवला. प्रत्येक वेळी ‘पाहतो’ एवढेच उत्तर मिळाले आणि मनस्ताप वाढला.

कारण तारखांमध्ये होते. पगारासाठीची हजेरी २० जूनला बंद झाली आणि मंजुरी २३ जूनला नोंदली गेली, त्यामुळे ते दिवस गैरहजेरीत धरले गेले.

मग एकच ईमेल लिहिला. विषयात कर्मचारी क्रमांक, महिना, कपातीचे नाव आणि रक्कम दिली. पहिल्याच वाक्यात हिशेब मांडला : मासिक पगार ३६,००० भागिले ३० म्हणजे रोजचे १,२००, कापले २,४००, कापायला हवे होते शून्य. त्याखाली रजा अर्जाचा क्रमांक व मंजुरीची तारीख लिहून पगारपत्रक आणि मंजुरीची प्रत जोडली. शेवटी, ही रक्कम जुलैच्या पगारात थकबाकी म्हणून स्वतंत्र ओळीत दाखवावी आणि तक्रार क्रमांक कळवावा, अशी विनंती केली.

जुलैत २,४०० जमा झाले. रजेच्या शिल्लकीतून २ दिवस वजा झाले आहेत का, हेही तपासावे. ते झाले नसतील तर नोंद अजून अर्धवटच आहे.