फोटोतल्या हातावर मेंदी बसवताना : वळण कुठलं, सुरकुती कुठली

लग्नाच्या हंगामात कोल्हापूरच्या एका मेंदी काढणाऱ्या ताईंनी मला एक काम दिलं. नवरीने आपल्या दोन्ही तळहातांचा फोटो पाठवला होता आणि ताईंनी कागदावर नक्षी काढली होती. मधे कोयरी, तिच्याभोवती जाळी, बोटांवर बेल. हीच नक्षी नवरीच्या स्वतःच्या हातावर कशी दिसेल ते तिला आधी दाखवायचं होतं. मी फोटोशॉपमध्ये फोटो एडिटिंग शिकून जेमतेम वर्ष झालं होतं. कागद स्कॅन केला, पांढरा भाग काढून टाकला, नक्षी हातावर ठेवून लेयर `Multiply` केला आणि पाठवून दिला. ताईंचं उत्तर आलं, "दादा, ही मेंदी नाही, स्टिकर आहे."

त्यांचं बरोबर होतं. रंग ठीक होता, पण बोटावरची बेल पट्टीने आखल्यासारखी सपाट दिसत होती. नंतर तेच काम दोन दिवस घेऊन नीट केलं. त्यात जे कळलं ते नव्याने शिकणाऱ्यांसाठी लिहितोय.

बहुतेक ट्युटोरियलमध्ये `Displace` फिल्टर दाखवतात, आणि आपली समजूत होते की तो नक्षीला हाताचा गोलवा देतो. तो गोलवा देत नाही. त्याला हाताचा आकार कळतच नाही, फक्त उजेड-अंधार कळतो. त्याला मॅप म्हणून एक काळं-पांढरं चित्र द्यावं लागतं. त्या मॅपमध्ये जिथे मधला करडा, म्हणजे 128, आहे तिथे तो नक्षी हलवत नाही. त्यापेक्षा उजळ असेल तर एका बाजूला सरकवतो, गडद असेल तर दुसऱ्या बाजूला. सुरकुत्या आणि हातावरच्या रेषांसाठी एवढं पुरतं. बोटाचा गोलवा आपल्याला `Warp`ने हाताने द्यावा लागतो, आणि तोही `Displace`च्या आधी.

म्हणून पहिल्यांदा नक्षीचे तुकडे केले. एका हाताचे सात : पाच बोटं, तळवा आणि मनगट. प्रत्येक तुकडा वेगळा स्मार्ट ऑब्जेक्ट. अंगठा इतर बोटांबरोबर कधीही धरू नका, तळहाताच्या फोटोत तो बहुतेक वेळा कुशीवर वळलेला असतो. जोड कुठे लपवायचे ही भीती होती, पण ताईंच्या नक्षीत बोटांच्या मुळाशी एक कोरी पट्टी होतीच. जोड तिथे घेतले.

आता एक बोट जवळून पाहू. फोटोत तर्जनीची रुंदी 260 पिक्सेल होती. बोट साधारण नळीसारखं धरलं तर कॅमेऱ्याला तिचा अर्धा घेर दिसतो. हा अर्धा घेर उलगडून सपाट केला तर 260 च्या दीडपटीहून थोडा जास्त, जवळपास 408 पिक्सेल भरतो. म्हणजे 408 ची बेल 260 मध्ये मावायला हवी, पण सगळीकडे सारखी दाबून नाही. बेलीचे उभे तीन सारखे भाग पाडा. मधला भाग बोटाची अर्धी रुंदी घेतो, म्हणजे 130 पिक्सेल. कडेच्या दोघांना प्रत्येकी पावच मिळते, 65 पिक्सेल. `Warp`मध्ये 3 x 3 ची जाळी घेतली की आतल्या दोन उभ्या रेषा एक तृतीयांशावर असतात. त्या बाहेर ढकलून पाव आणि पाऊण रुंदीवर आणल्या. पानं मधे मोठी आणि कडेला चेपलेली दिसू लागली, आणि बोट गोल झालं. खरं बोट तळव्याच्या बाजूने थोडं चपटं असतं, म्हणून मी रेषा किंचित आत घेतल्या. शिवाय बेल कडेला नेमकी संपवू नका. ती कडेपलीकडे जाऊ द्या आणि मास्कने कापा. खरी मेंदी बोटाला वळसा घालून मागे गेलेली असते.

आडव्या रेषांची कमान कुठल्या बाजूला द्यायची, हे मी पहिल्यांदा उलटं केलं होतं. बोटाची टोकं कॅमेऱ्यापासून मागे कललेली असतील तर आडवी रेघ टोकाच्या दिशेने फुगते. टोकं कॅमेऱ्याकडे झुकली असतील तर ती मनगटाच्या दिशेने ओघळते. गोंधळ झाला तर बोटातली अंगठी बघा, तिची कड खोटं सांगत नाही. अंगठी नसेल तर पेरांच्या रेषांवरूनही अंदाज येतो. मी आता नक्षी लावण्याआधी साध्या चौकटींची जाळी प्रत्येक बोटावर वॉर्प करून बघतो. नक्षीत लपणारी चूक चौकटीत लगेच दिसते.

यानंतर `Displace`. इथे माझी मोठी फसगत झाली. फोटो खिडकीजवळ काढलेला होता, करंगळीकडची बाजू उजळ आणि अंगठ्याकडची सावलीत. फोटोच काळा-पांढरा करून मॅप म्हणून दिला, तर कोयरीचा एक अर्धा एकीकडे सरकला आणि दुसरा दुसरीकडे, मधे जाळी ताणली गेली. मनगटावर पडलेली बांगडीची सावलीसुद्धा फिल्टरला खळगा वाटली. मॅपला खिडकीचा उजेड नको होता, फक्त सुरकुत्या हव्या होत्या. उपाय असा : फोटोची काळी-पांढरी कॉपी, तिच्यावर `High Pass` 40 पिक्सेल. मोठा उजेड-अंधार निघून जातो, सगळं 128 च्या आसपास येतं आणि हातावरच्या रेषा तेवढ्या उरतात. मग `Gaussian Blur` 3 पिक्सेल, नाहीतर त्वचेच्या बारीक छिद्रांमुळे नक्षीची कड करवतीसारखी होते. बांगडीची सावली तरीही काठावर उरली, तिथे मॅपवर करड्या ब्रशने हात फिरवला. फाइल PSD म्हणून सेव्ह करायची, फोटोच्याच मापाची. वॉर्प केलेल्या तुकड्यांची एकत्र कॉपी रास्टर करून तिच्यावर फिल्टर आडवा 5, उभा 5 असा दिला. 10 वर नक्षी थरथरल्यासारखी दिसत होती. रेषा ओलांडताना जाळी किंचित अडखळली तर प्रमाण बरोबर आहे. लांबूनच तुटलेली दिसली तर कमी करा.

रंगासाठी काळा वापरू नका, लालसर तपकिरी घ्या. लेयर `Multiply`वर असला तरी जिथे त्वचा चमकते तिथेही मेंदी सारखीच गडद राहते आणि छापल्यासारखी वाटते. `Blend If`मध्ये `Underlying Layer`ची पांढरी खूण Alt दाबून फोडली आणि अर्धी 190 पर्यंत आणली. चमक मेंदीवरूनही दिसू लागली. बोटांची टोकं फोटोत जराशी धूसर होती, म्हणून तिथल्या नक्षीलाही तेवढाच ब्लर दिला. फोटोपेक्षा धारदार नक्षी लगेच वेगळी उठून दिसते.

दुसऱ्यांदा पाठवल्यावर ताईंनी वळणाबद्दल काही म्हटलं नाही, रंगाबद्दल म्हटलं. "तळव्यावर आणि मनगटावर एकच रंग कसा? मेंदी तळव्यावर रंगते, वर जाईल तशी फिकी पडते." कारण साधं आहे : तळव्याचा वरचा थर जाड असतो, तिथे रंग जास्त धरतो. मी नक्षीच्या मास्कमध्ये मनगटाकडे हलका ग्रेडियंट घेतला, बोटांची भरलेली टोकं एक छटा गडद केली आणि फाइल परत पाठवली. संध्याकाळी ताईंनी तीच फाइल नवरीला पुढे पाठवली.