एएलटी पाचशेच्या पुढे म्हणजे हिपॅटायटिसच? लिव्हरचे रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

असा एक रिपोर्ट समोर आहे असं धरा. रुग्ण ४६ वर्षांची बाई. आदल्या रात्री बरगडीखाली उजवीकडे जोराची कळ आली, दोनदा उलटी झाली, पहाटे दुखणं ओसरलं. सकाळी डोळ्यांत किंचित पिवळेपणा. कावीळ आणणारं पिवळं द्रव्य बिलिरुबिन २.६, त्यातलं डायरेक्ट १.७. यकृताच्या तपासणीतली तीन एन्झाइम: एएसटी ६१०, एएलटी ५२०, अल्कलाइन फॉस्फेटेज १५०. त्या लॅबची नॉर्मलची वरची मर्यादा एएलटीसाठी ४० आणि अल्कलाइन फॉस्फेटेजसाठी १२०.

बरेच जण इथे दोन गोष्टी पटकन बोलून टाकतात. कोणी म्हणतं, “डायरेक्ट बिलिरुबिन जास्त आहे, म्हणजे पित्ताच्या वाटेत अडथळा.” कोणी म्हणतं, “एएलटी पाचशेच्या वर आहे, म्हणजे व्हायरल हिपॅटायटिस.” पहिल्याचं निदान बरोबर निघू शकेल, पण कारण चुकीचं आहे. दुसऱ्याचं कारण वरवर पटण्यासारखं, आणि म्हणून जास्त घातक.

आधी बिलिरुबिन. पेशींना इजा झाली आहे की पित्ताचा प्रवाह अडला आहे, हे डायरेक्ट बिलिरुबिन सांगत नाही. ते दोन्हींत वाढतं. यकृताच्या पेशीतलं सगळ्यात अवघड काम म्हणजे बिलिरुबिन विरघळण्याजोगं करायला दुसऱ्या रेणूशी जोडल्यानंतर ते पित्तात ढकलणं. पेशी आजारी पडली की हेच काम आधी ढेपाळतं आणि जोडलेलं, म्हणजे डायरेक्ट, बिलिरुबिन रक्तात परत येतं. म्हणून साध्या हिपॅटायटिसच्या काविळीतही निम्म्याहून जास्त बिलिरुबिन डायरेक्टच असतं. डायरेक्ट-इनडायरेक्टचा उपयोग वेगळा: गिल्बर्ट हा निरुपद्रवी जन्मजात दोष किंवा रक्तपेशी फुटण्याचे आजार बाजूला काढणं. ते झालं की पॅटर्न ठरवताना बिलिरुबिन बाजूला ठेवायचं.

पॅटर्न ठरतो तो एएलटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज यांच्या तुलनेवरून. इथली नेहमीची चूक म्हणजे कच्चे आकडे शेजारी ठेवून कोणता मोठा ते बघणं. ४० मर्यादा असलेल्या एन्झाइमचा १६० आणि १२० मर्यादा असलेल्याचा ४८०, दोन्ही चारपटच आहेत. आधी प्रत्येक आकडा त्याच लॅबच्या वरच्या मर्यादेने भागायचा, मग एएलटीच्या पटीला अल्कलाइन फॉस्फेटेजच्या पटीने. येतं ते आर गुणोत्तर. ५ किंवा जास्त असेल तर पेशींची इजा, २ किंवा कमी असेल तर कोलेस्टॅसिस, म्हणजे पित्ताचा प्रवाह अडणं, मधलं सगळं मिश्र.

आपल्या रुग्णात एएलटी १३ पट, अल्कलाइन फॉस्फेटेज १.२५ पट. आर १०.४. सूत्र सांगतं, पेशींची इजा. गणित चोख आहे, तरी या आकड्यावर शिक्का मारून व्हायरल मार्करची वाट बघत बसणं ही या विषयातली सगळ्यात महागडी चूक आहे.

कारण ही दोन एन्झाइम रक्तात येतात ती वेगवेगळ्या रीतीने. एएलटी आणि एएसटी पेशीत तयारच असतात. खडा पित्तनलिकेत अडकून दाब अचानक वाढला की काही तासांत ती बाहेर सांडतात, आणि पाचशे-सहाशेपर्यंत सहज जातात, कधी हजाराच्याही वर. अल्कलाइन फॉस्फेटेजचा साठा असा सांडत नाही. पित्त साचल्यावर पेशी ते नव्याने बनवायला घेते, त्यामुळे रक्तात ते चढायला एक-दोन दिवस लागतात. मधल्या काळात रक्त घेतलं तर अडथळा हुबेहूब हिपॅटायटिससारखा दिसतो. आपल्या बाईला दुखायला लागून १२ तासही झाले नव्हते.

यावर उपाय साधा आहे: ४८ तासांनी तीच तपासणी पुन्हा करायची. समजा आता एएसटी ९५, एएलटी २७०, अल्कलाइन फॉस्फेटेज २९०. आर २.८, म्हणजे मिश्र. आणखी तीन दिवसांनी एएलटी ९५, अल्कलाइन फॉस्फेटेज ३१०. आर ०.९, स्वच्छ कोलेस्टॅसिस. आजार एकच, पाच दिवसांत तीन लेबलं. इथे एएसटी किती वेगाने कोसळला तेही बघा. त्याचं रक्तातलं अर्धायुष्य साधारण १७ तास, एएलटीचं ४७ तासांच्या आसपास. गळती थांबली की दोन्ही अशीच उतरतात. व्हायरल हिपॅटायटिसमध्ये पेशी रोज नव्याने मरत असतात, म्हणून तिथे उतार आठवड्यांचा असतो. रक्तदाब कोसळून यकृताला बसलेल्या फटक्यातही आकडे असेच झपाट्याने उतरतात, पण त्यात ते बहुधा हजारांत असतात आणि मागाहून अल्कलाइन फॉस्फेटेज असं चढत नाही.

मात्र दुसरा रिपोर्ट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. कळ येऊन मग कावीळ, हा क्रम पहिल्या दिवशीच सोनोग्राफी मागायला पुरेसा आहे. ताप आणि थंडी असेल तर पित्तनलिकेतला जंतुसंसर्ग धरून त्याच दिवशी धावपळ करायची, आर कितीही असो. आणि सोनोग्राफीत ‘नलिका नॉर्मल’ आलं म्हणून खडा नाही असंही नाही. पहिल्या दिवशी नलिका फुगायला वेळच मिळालेला नसतो, शिवाय तिचं खालचं टोक आतड्यातल्या हवेमागे लपतं. पित्ताशयात खडे दिसले आणि आकडे असे सरकत असले, तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करावं.

वेळेचा हाच घोटाळा उलट दिशेनेही होतो. हिपॅटायटिस एच्या काही रुग्णांत एएलटी खाली येतो, पण कावीळ आणि खाज आठवडेच्या आठवडे रेंगाळते. असा रुग्ण पहिल्यांदा चौथ्या आठवड्यात आला तर आर कोलेस्टॅसिसचं येतं. सोनोग्राफीत नलिका नॉर्मल दिसल्या की पुढच्या भारी तपासण्यांआधी जुने रिपोर्ट मागून बघा. पहिल्या आठवड्यातला एएलटी दोन हजार असेल तर कोडं तिथेच सुटतं.

अल्कलाइन फॉस्फेटेज एकटंच वाढलेलं असेल तर ते यकृताचंच आहे हे गृहीत धरू नका. वाढत्या वयातल्या मुलांत आणि हाड सांधताना ते हाडांतून येतं, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून. गॅमा जीटी हे आणखी एक एन्झाइम सोबत वाढलेलं असेल तर यकृत किंवा पित्तनलिका, नॉर्मल असेल तर रोख हाडांकडे. गॅमा जीटीचा उपयोग एवढाच ठेवावा. दारूने, फेनिटॉइनसारख्या औषधांनीही ते चढतं, त्यामुळे एकट्या गॅमा जीटीवरून कोलेस्टॅसिस म्हणता येत नाही.

शेवटी प्रोथ्रोम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ. कावीळ असलेल्या रुग्णात तो लांबला की ‘लिव्हर फेल होतंय’ असं घाईने लिहिलं जातं. पित्त आतड्यात पोचत नसेल तर रक्त गोठवणारे घटक बनवायला लागणारं व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, आणि पेशी धडधाकट असूनही वेळ लांबतो. १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन के शिरेतून सावकाश द्यायचं आणि २४ तासांनी पुन्हा मोजायचं. वेळ सुधारला तर दोष पुरवठ्याचा होता. तसाच राहिला तर पेशीच काम करत नाहीत, आणि एएलटी उतरतोय म्हणून तेव्हा हायसं वाटून घेऊ नका. पेशीच उरल्या नसतील तर सांडायलाही काही उरत नाही.